मुलाखत उमेदवार येण्याआधीच सुरू होते

आपली मुलं मुलाखतीला जातात, परत येतात आणि सांगतात, "लेखीत चांगले गुण होते, मुलाखतीत पाडलं." मग आपण विचारतो, पॅनेलवर कोण होतं? आपलं कुणी होतं का? हे प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न आपण जवळजवळ कधीच विचारत नाही. उमेदवार येण्याआधी ते पॅनेल एकत्र बसलं होतं का? कोण काय विचारणार, कशाला किती गुण देणार, चांगलं उत्तर कशाला म्हणायचं, हे त्यांनी आधी ठरवलं होतं का?

माझा मुद्दा सरळ आहे. मुलाखतीतला भेदभाव क्वचितच उघड शिवीगाळीच्या रूपात येतो. बहुतेक वेळा तो ठरवून न ठेवलेल्या निकषांच्या पोकळीतून आत येतो. काहीच ठरलेलं नसलं की माणूस सवयीने विचारतो आणि सवयीने तोलतो. आपल्या समाजात सवय म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. म्हणून पॅनेलची पूर्वबैठक ही काही कार्यालयीन शिष्टाचाराची बाब नाही. भेदभावाला हात घालता येईल अशा मोजक्या जागांपैकी ती एक आहे.

'घरची पार्श्वभूमी' नावाचा निरुपद्रवी प्रश्न

२००७ साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खाजगी कंपन्यांच्या नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे अधिकारी जात पाहतो असं म्हणत नव्हते. ते गुणवत्तेबद्दलच बोलत होते. पण मुलाखतीत उमेदवाराची 'घरची पार्श्वभूमी' जाणून घेणं त्यांना आवश्यक वाटत होतं. वडील काय करतात, आई शिकलेली आहे का, गाव कोणतं, घरात किती माणसं. विचारणाऱ्याला यात गैर काहीच वाटत नाही. उत्तर देणाऱ्याला मात्र पहिल्या वाक्यातच कळतं की आपल्याला कामाबद्दल नव्हे, घराबद्दल तोललं जातंय.

न्यायालयाच्या नोंदीतही हे आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशांचा खटला, अजय हसिया विरुद्ध खालिद मुजीब, १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. तिथे एकूण १५० गुणांपैकी ५० गुण मुलाखतीला होते, म्हणजे एक तृतीयांश. तक्रार अशी होती की प्रत्येकाची मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटं चालली, आणि विचारलं काय, तर आईवडील कोण आणि राहता कुठे. समितीने जे गुण जोखायचे होते त्यांच्याशी संबंधित प्रश्न जवळजवळ नव्हतेच. अशा निवडीत मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी ठरेल, असं न्यायालयाने म्हटलं.

निकालातल्या १५ टक्क्यांचीच चर्चा होते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. समितीपुढे निकष कागदावर होते, पण एकही प्रश्न त्या निकषाला बांधलेला नव्हता. निकष आणि प्रश्न यांची गाठ कुणीतरी आधी मारावी लागते. ती मारली नाही, तर पॅनेल हाताला येईल तो प्रश्न विचारतं, आणि हाताला सगळ्यात आधी येतो तो गावाचा आणि आडनावाचा प्रश्न.

एका गृहपालाची निवड

हे प्रत्यक्षात कसं करायचं, ते एका निवडीच्या आधाराने सांगतो. संस्थेचं नाव लिहीत नाही. मुलींचं वसतिगृह, साधारण साठ मुली, बहुतेक शेतमजूर आणि ऊसतोड कुटुंबांतल्या. निवासी गृहपालाचं एक पद, सहा उमेदवार. पॅनेलवर चौघं: संस्थेच्या सचिव अध्यक्षपदी, एक निवृत्त मुख्याध्यापक, दुसऱ्या वसतिगृहाच्या अनुभवी गृहपाल, आणि बाहेरचा सदस्य म्हणून मी. पहिली मुलाखत अकराला होती. सचिवबाईंनी आम्हाला दहाला बोलावलं आणि चहाबरोबर कोरे कागद पुढे ठेवले.

पहिला प्रश्न त्यांनीच टाकला. "ही बाई पहिल्या महिन्यात काय काय करणार आहे, तेवढं सांगा." अनुभवी गृहपालांनी यादी सांगितली. रात्री आजारी मुलीला दवाखान्यात नेणं, भेटायला आलेल्या पालकांशी बोलणं, हालचाल नोंदवही आणि किराण्याचा हिशोब लिहिणं, मुलींच्या तक्रारी ऐकून नियमाप्रमाणे पुढे पाठवणं. या यादीतून चार निकष निघाले: अडचणीच्या वेळचा निर्णय, मुली आणि पालकांशी वागणूक, नोंदी व हिशोब, आणि कायदा-नियमांची माहिती.

मुख्याध्यापकांनी पाचवा निकष सुचवला. "संवादकौशल्य आणि व्यक्तिमत्त्व. इंग्रजी तरी बरं पाहिजे." या ठिकाणी वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. गृहपाल इंग्रजीत कुणाशी बोलणार? मुलींशी नाही, पालकांशी नाही, पोलीस ठाण्यात नाही, समाजकल्याण कार्यालयातही नाही. शेवटी मुख्याध्यापकांनीच मान्य केलं की त्यांना म्हणायचं होतं ते एवढंच: न शिकलेल्या पालकाला एखादी गोष्ट नीट समजावून सांगता आली पाहिजे. ते 'वागणूक' या निकषात बसलं आणि 'व्यक्तिमत्त्व' कागदावरून गेलं. हा वाद मुलाखतीनंतर झाला असता तर तो निकषाचा वाद राहिला नसता. तो अमुक उमेदवार हवी की तमुक, याचा झाला असता, आणि 'व्यक्तिमत्त्व' हा शब्द ज्याला जी हवी तिच्यासाठी वापरता आला असता.

मग वजन ठरलं. प्रत्येक निकषाला ५ पैकी गुण. पहिल्या दोन निकषांची तिप्पट, उरलेल्या दोनांची दुप्पट. एकूण ५०. यानंतर सचिवबाईंनी विचारलेला प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक पॅनेलवर विचारतो: "यातलं काय पहिल्या दिवसापासून लागतं, आणि काय आपण महिन्याभरात शिकवू शकतो?" रात्रीच्या अडचणीत डोकं शाबूत ठेवणं शिकवून लवकर येत नाही. म्हणून त्या निकषात किमान ३ गुण हवेतच, असं ठरलं. कायद्याची माहिती प्रशिक्षणाने देता येते, म्हणून तिथे किमान अट ठेवली नाही.

किमान अट आधी ठरवण्याला कायद्याचाही आधार आहे. आंध्र प्रदेशात जिल्हा न्यायाधीशांच्या निवडीत मुलाखती होऊन गेल्यावर मुलाखतीसाठी किमान गुणांची अट घालण्यात आली. के. मंजुश्री खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं: खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत. पुढे तेज प्रकाश पाठक खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हेच तत्त्व कायम ठेवलं. भरती करणारी संस्था निकष ठरवू शकते, पण तो टप्पा सुरू होण्याआधी. हे खटले सरकारी भरतीचे आहेत. खाजगी संस्थेला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण त्यामागचा न्याय तिथेही तोच आहे.

चांगलं उत्तर म्हणजे काय?

प्रत्येक निकषाला एक मुख्य प्रश्न ठरला आणि तो सगळ्यांना त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारायचा हेही ठरलं. पण प्रश्न ठरवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं बहुतेक पॅनेलं सोडून देतात: उत्तराला गुण कसे द्यायचे, हे ठरवणं.

आमचा पहिला प्रश्न होता: रात्री साडेदहाला एक मुलगी पोटात फार दुखतंय म्हणून रडत आली, तुम्ही काय कराल? चौघांनी मिळून तीन उत्तरं कागदावर लिहिली. स्वतः जाऊन मुलीला बघणं, वेळ न घालवता सोबत घेऊन दवाखाना गाठणं, जाताना बाकीच्या मुलींजवळ कुणाला तरी थांबवणं, पालकांना आणि सचिवांना फोन, आल्यावर नोंद, हे ५. दवाखान्यात नेणं पण बाकीच्या मुलींचा किंवा पालकांना कळवण्याचा विचार नाही, हे ३. घरातली गोळी देऊन सकाळपर्यंत थांबणं, हे १. या मधले गुण २ आणि ४.

दहा मिनिटांचं काम, पण त्याने मोठा फरक पडतो. ही उत्तरं लिहिलेली नसतील तर आपण उत्तराला नाही, उत्तर देण्याच्या ढबीला गुण देतो. न अडखळता, प्रमाण भाषेत, नजर रोखून बोलणारी व्यक्ती 'सक्षम' वाटते. ती ढब कुठल्या घरांतून आणि कुठल्या शाळांतून येते, हे समाजशास्त्र शिकलेल्या कुणालाही माहीत आहे.

चौथा प्रश्न कायद्याचा होता. एक चौदा वर्षांची मुलगी, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालून, एका माणसाने आपल्याशी घाणेरडं वर्तन केल्याचं सांगते. काय कराल? इथे बरोबर उत्तर मतावर अवलंबून नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गुप्ततेचं वचन देता येत नाही. चौघांपैकी दोघांना हे नेमकं माहीत नव्हतं. पूर्वबैठक झाली नसती तर त्या दोघांनी "मी मुलीचा विश्वास मोडणार नाही" या उत्तराला भरभरून गुण दिले असते.

कोण काय करणार

भूमिका अशा वाटल्या. स्वागत, ओळख आणि शेवट अध्यक्षांकडे. प्रत्येक निकषाचा प्रश्न एकाच ठराविक सदस्याकडे, बाकीचे तेव्हा लिहिणार. घड्याळ माझ्याकडे: प्रत्येकीला पंचवीस मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं गुणांसाठी. उपप्रश्न विचारायची मुभा होती, पण दोनच प्रकारचे: "आणखी थोडं सांगा" आणि "त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?" उपप्रश्न अजिबात नकोत म्हटलं तर मुलाखतीचा फॉर्म होतो. पण ते पूर्ण मोकळे सोडले तर एकीला हात देऊन वर काढलं जातं आणि दुसरीला खोड्यात अडकवलं जातं.

न विचारायच्या गोष्टींचीही यादी केली: गाव, आडनावाचं मूळ, वडिलांचा व्यवसाय, लग्न, मूल कधी, नवऱ्याची परवानगी. मुख्याध्यापक म्हणाले, "गाव विचारल्याने उमेदवार मोकळी होते हो." त्यावर उत्तर असं की मोकळं करायचंच असेल तर "प्रवास नीट झाला ना?" एवढं पुरे. आणि सवयीने कुणी विचारलंच, तर अध्यक्षांनी लगेच "तो प्रश्न राहू द्या, आपण पुढे जाऊ" म्हणायचं आणि कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही, हेही ठरलं. तिसऱ्या मुलाखतीत ते वाक्य वापरावं लागलं. आधी ठरलेलं असल्यामुळे कुणाचा अपमान झाला नाही.

शेवटी ओळखीपाळखी. कोण कुणाला ओळखतं, हे प्रत्येकाने सांगायचं. १९८५ च्या अशोककुमार यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की लोकसेवा आयोगाच्या सदस्याचा जवळचा नातेवाईक उमेदवार असेल, तर त्याने त्या मुलाखतीत आणि त्या उमेदवाराबद्दलच्या चर्चेत भाग घेऊ नये. इथे मी आपल्या माणसांना थोडं टोचून बोलणार आहे. आपल्या संस्था, ट्रस्ट, अभ्यासिका यांत नेमणुका होतात तेव्हा "चळवळीतला आहे", "भाऊंचा कार्यकर्ता आहे" एवढ्यावर किती निवडी होतात? दुसऱ्यांच्या पॅनेलकडे निकष मागायचे आणि आपल्या पॅनेलवर ओळख चालवायची, हे जमणार नाही. त्यात पडणारी मुलंही आपलीच असतात.

गुण आणि त्यानंतरची चर्चा

नियम एकच होता. प्रत्येकाने आपले गुण आणि त्यामागचं उमेदवाराचं वाक्य एकट्याने लिहायचं, पेनने. ते झाल्याशिवाय कुणी एक शब्द बोलायचा नाही, आणि अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं. "छान बोलली नाही का?" असं अध्यक्ष आधी म्हणाले की बाकीच्या तिघांचे गुण तिकडेच वळतात.

पहिली उमेदवार एमएसडब्ल्यू झालेली, फार सफाईने बोलणारी. चौथी बारा वर्षं एका दवाखान्यात आया म्हणून काम करत बाहेरून पदवीधर झालेली, थांबत थांबत बोलणारी. कोण कोणत्या जातीची, हे मी मुद्दाम लिहीत नाही. त्या गुणपत्रकावरही तो रकाना नव्हता.

पोटदुखीच्या प्रश्नावर पहिलीला तिघांनी २ दिले, मुख्याध्यापकांनी ४. दोन गुणांचं अंतर दिसलं की टिपणं वाचायची, असं आधी ठरलं होतं. तिघांच्या टिपणांत तिचं वाक्य होतं: "आधी गोळी देऊन तासभर वाट पाहीन, मग वाटलं तर दवाखाना." मुख्याध्यापकांच्या टिपणात होतं, "आत्मविश्वास उत्तम." त्यांनी स्वतःच ४ वर रेघ मारून शेजारी २ लिहिले आणि सही केली. जुना आकडा खोडून नाहीसा केला नाही, हे महत्त्वाचं.

तिचे चार निकषांचे गुण झाले २, ३, ४, ४. वजन लावून ६, ९, ८, ८, म्हणजे ३१. चौथीचे झाले ५, ४, ३, २. वजन लावून १५, १२, ६, ४, म्हणजे ३७. शिवाय पहिली किमान ३ च्या अटीतच बसली नाही. बाकीच्या चौघी या दोघींच्या मध्ये किंवा खाली राहिल्या.

खरी परीक्षा यानंतर आली. एक सदस्य म्हणाल्या, "पण चौथीला पोक्सोचं नीट माहीत नाही. १०९८ नंबर सांगितला, पण पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे हे नाही सांगितलं. त्या निकषातही किमान अट हवी." मुद्दा खरा होता, हलका नव्हता. साठ अल्पवयीन मुलींचा प्रश्न होता. पण ती अट सकाळी ठेवलेली नव्हती, आणि आता ती ठेवली असती तर ती एकाच बाईला लागणार होती. म्हणून निर्णय असा झाला: निवड चौथीची, पण कायद्याचं प्रशिक्षण घेतल्यावरच तिने ताबा घ्यायचा, आणि पुढच्या भरतीत ही किमान अट घालायची की नाही ते जाहिरातीआधी ठरवायचं. मुलींची काळजीही घेतली गेली आणि नियमही मोडला नाही.

हे कुठे तोकडं पडतं

पूर्वबैठकीने सगळं सुटतं, असा दावा मी करत नाही. ज्यांना मुलाखतीला बोलावलंच नाही, त्यांच्यासाठी तिचा उपयोग नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली दाखवलं की सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, तरी दलित किंवा मुस्लिम आडनाव असलेल्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता कमी होते. म्हणजे गाळणी पॅनेलच्याही आधी लागलेली असते. आणि उमेदवार आधीच ठरलेला असेल, तर पूर्वबैठकीचाही देखावा होऊ शकतो.

पण देखावा ओळखता येतो. सगळ्या सदस्यांचे सगळे गुण अगदी सारखे असतील, तर ते एकत्र बसून भरलेले आहेत. एका उमेदवाराला चारही निकषांत ५ आणि दुसऱ्याला चारही निकषांत २ असतील, तर निकष तोललेच नाहीत, माणूस तोलला आणि रकाने नंतर भरले. टिपणांत उमेदवाराचं एकही वाक्य नसेल आणि 'आत्मविश्वास कमी', 'सर्वसाधारण' असे शेरे असतील, तर ते गुण कशाचे आहेत, हे पॅनेललाच सांगता येणार नाही. पूर्वबैठकीचा कागद नसेल तर "योग्य वाटला नाही" या वाक्याशी भांडता येत नाही. कागद असेल तर भांडायला काहीतरी हातात असतं.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार अध्यापकांच्या निवड समितीत, उमेदवारांत अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग असतील आणि सदस्यांपैकी कुणी त्या प्रवर्गातलं नसेल, तर त्या प्रवर्गातल्या एका अध्यापकाला घ्यावं लागतं. आपल्यातले अनेक जण असे 'प्रतिनिधी सदस्य' म्हणून जातात, कोपऱ्यात बसतात आणि सही करून येतात. अशा सदस्याने पत्र मिळताच लेखी विचारावं: निकष आणि त्यांचं वजन काय, प्रश्न कोण कोणते विचारणार, गुण चर्चेआधी स्वतंत्र लिहायचे की नंतर? तिन्हींची उत्तरं नसतील तर मुलाखतीआधी अर्ध्या तासाची बैठक मागावी, आणि ती नाकारली तर तशी नोंद करून मगच सही करावी.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आपल्या वसतिगृहात, अभ्यासिकेत, पतसंस्थेत पुढची जी नेमणूक होईल, मग ती शिपायाची का असेना, तिच्यासाठी पॅनेलला तासभर आधी बोलवा आणि ठरलेल्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. दुसऱ्याकडे असा कागद मागताना आपला कागद आपल्याकडे असलेला बरा.